शंभर शब्दांत प्रयोगाची बातमी

8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. खाडिलकरांचं 'मानापमान' तोवर दहा वर्षांचं जुनं नाटक झालं होतं. गोष्ट प्रेक्षकांना पाठ, पदंही पाठ. तरीही त्या रात्रीच्या तिकिटांसाठी लोकांची झुंबड उडाली, कारण त्या एका रात्री बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहणार होते. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या होत्या आणि टिळक स्वराज्य फंडासाठी त्या एकत्र आल्या होत्या. यायचं कारण एका वाक्यात सांगता येत होतं, आणि ते वाक्य वाचल्यावर आणखी काही सांगायची गरज उरत नव्हती.

आजची हौशी किंवा प्रायोगिक नाट्यसंस्था नवं नाटक काढते तेव्हा तिच्याकडे बालगंधर्व नसतात. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर सेंटिमीटरच्या हिशोबानं जागा विकत घ्यायला पैसेही नसतात. असतो तो एक फोटो किंवा पोस्टर आणि त्याखाली लिहायचा मजकूर. हा मजकूर इन्स्टाग्रामवर जातो, फेसबुकवर जातो, आणि सगळ्यात जास्त फिरतो तो व्हॉट्सॲपवर. संस्थेतल्या पंधरा-वीस जणांनी आपापल्या गटांत टाकला की दोन दिवसांत तो कुठे पोचला याचा पत्ता लागत नाही. शंभर-सव्वाशे शब्दांचा तो मजकूर वाचून अनोळखी माणसानं ठरवायचं असतं की शनिवारची संध्याकाळ, चारशे रुपये आणि जाण्यायेण्याचे दोन तास या नाटकाला द्यायचे की नाही.

तालमीला तीन महिने, नेपथ्याला पंधरा दिवस आणि या मजकुराला रात्री साडेअकराचा अर्धा तास, अशी बहुतेक संस्थांची वाटणी असते. मला ती फार चुकीची वाटते, कारण नव्या नाटकाचे पहिले दोन-तीन प्रयोगच त्याचं पुढचं आयुष्य ठरवतात. पहिल्या प्रयोगाला घरचेच लोक आले आणि दुसऱ्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर तिसऱ्या प्रयोगाचं भाडं भरायची संस्थेची ताकद उरत नाही. चांगली नाटकं अशी दोन प्रयोगांत संपलेली आहेत.

हा मजकूर कसा घडतो ते एका कल्पित नाटकावर करून पाहू. समजा, कल्याणच्या एका हौशी संस्थेनं 'पाणी पहाटे चारला' नावाचं नवं दोन अंकी नाटक बसवलं आहे. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आई एकटी राहते, तीन मुलं तीन उपनगरांत. सगळ्या भाडेकरूंच्या सह्या झाल्या, हिची तेवढी राहिली. सही करायला ती तयार आहे, पण तिची अट अशी की सही करण्याआधीची एक रात्र तिन्ही मुलांनी या खोलीत काढायची, पूर्वीसारखी, जमिनीवर ओळीनं झोपून. नाटक त्या एका रात्रीत घडतं. पहिला प्रयोग कल्याणला, दुसरा पुढच्या आठवड्यात पुण्यात.

संस्थेचा प्रसिद्धीचा मजकूर पहिल्या फटक्यात साधारण असा उतरतो :

"नमस्कार रसिकहो! आमची संस्था घेऊन येत आहे एक हृदयस्पर्शी, वास्तववादी आणि विचार करायला लावणारी कलाकृती! नात्यांची वीण उलगडणारं, हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारं नाटक, 'पाणी पहाटे चारला'. या शनिवारी अत्रे रंगमंदिरात 8.30 वाजता. तिकिटांसाठी संपर्क करा. अवश्य या, सहकुटुंब या, मराठी रंगभूमीला साथ द्या!"

यात खोटं काहीच नाही. लिहिणाऱ्याचं नाटकावर प्रेम आहे हेही दिसतं. पण हा मजकूर वाचून तिकीट काढणं जवळजवळ अशक्य आहे, आणि ते का, हे एकेक पाहण्यासारखं आहे.

'अत्रे रंगमंदिर' घ्या. आचार्य अत्रे रंगमंदिर कल्याणला आहे आणि पिंपरीलाही आहे. कल्याणच्या माणसाला प्रश्न पडत नाही, पण मजकूर कल्याणातच राहील याची खात्री कोणी द्यायची? चिंचवडच्या मावशीला तो भाच्यानं पाठवला की ती तिच्या अत्रे रंगमंदिराची चौकशी करणार. नाट्यगृहांच्या नावांचा हा घोळ मराठीत पुष्कळ आहे, कारण आपण मोठ्या माणसांची नावं प्रेमानं आणि अनेक गावांत देतो. विष्णुदास भावे नाट्यगृह वाशीला आहे तसं सांगलीलाही आहे. दीनानाथ मंगेशकरांचं नाव विलेपार्ल्याच्या नाट्यगृहाला आहे आणि पणजीच्या कला अकादमीतल्या प्रेक्षागृहालाही. यशवंतराव चव्हाण म्हटलं की पुणेकर कोथरूडला जातो आणि मुंबईकर नरीमन पॉइंटला, आणि माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर आणखी वेगळं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं 'गडकरी' किंवा 'शिवाजी' लिहून चालत आलं, कारण ते पान वाचणाऱ्याला ठाणं आणि दादर आपोआप समजत होतं. फोनवरून फिरणाऱ्या मजकुराला तो ठरलेला वाचक नसतो. म्हणून नाट्यगृहाचं पूर्ण नाव, पुढे उपनगर किंवा पेठ आणि गाव, एवढं लिहायलाच हवं. कल्याणसारख्या ठिकाणी पूर्व की पश्चिम हेही लिहावं. रेल्वेच्या चुकीच्या बाजूला उतरलेला प्रेक्षक पूल ओलांडून येईपर्यंत तिसरी घंटा होऊन जाते.

'या शनिवारी' याचा दोष त्याहून मोठा. लिहिणारा सोमवारी लिहितो तेव्हा 'या शनिवारी' हे त्याला स्वच्छ दिसतं. तोच मजकूर कोणीतरी पुढच्या बुधवारी दुसऱ्या गटात पाठवतो आणि तिथला माणूस पुढच्या शनिवारी सहकुटुंब रिकाम्या नाट्यगृहापाशी जाऊन उभा राहतो. 'आज', 'उद्या', 'येत्या रविवारी' हे शब्द लिहिलेल्या दिवसापुरते खरे असतात आणि मजकूर मात्र फिरतच राहतो. वार आणि तारीख दोन्ही लिहावं, महिनाही लिहावा. वार लिहिण्याचा आणखी एक उपयोग असा की तारखेत चूक झाली तर वारामुळे ती पकडता येते. 'शनिवार, 18 जानेवारी 2026' असं कोणी लिहिलं तर कॅलेंडर पाहणारा लगेच विचारतो की 18 ला तर रविवार आहे, मग प्रयोग नक्की कधी? नुसतं '18 जानेवारी' लिहिलं असतं तर चूक तशीच छापली गेली असती. मजकूर पाठवण्याआधी संस्थेतल्या अशा एका माणसाला वाचायला द्यावा ज्यानं तो लिहिलेला नाही, आणि त्यानं कॅलेंडर समोर ठेवून वाचावा.

आता वेळ. '8.30 वाजता' म्हणजे रात्री, हे नाटकवाल्याला सांगावं लागत नाही. पण पुण्यात दुपारी साडेबारालाही प्रयोग होतात, शिवाय बालनाट्यं सकाळची असतात आणि नुसता आकडा सकाळ-रात्रीचा गोंधळ करतो. 'रात्री 8.30', 'दुपारी 12.30', 'सायंकाळी 5.30' असं वेळेचं नाव पुढे असावं. त्याहून जास्त गरजेची आणि जवळजवळ कोणीच न लिहिणारी गोष्ट म्हणजे नाटक किती वेळाचं आहे. साडेआठचं नाटक सव्वादोन तासांचं असेल तर पावणेअकराला सुटतं. कल्याणच्या प्रेक्षकाला बदलापूरची गाडी मिळेल. तेच नाटक तीन तासांचं असेल तर साडेअकरा होतात आणि पासष्टीच्या जोडप्याला रिक्षा मिळेल की नाही, हा विचार तिकीट काढण्याआधीच त्यांना थांबवतो. प्रेक्षकांमध्ये ज्येष्ठ माणसं किती मोठ्या संख्येनं असतात हे कुठल्याही नाट्यगृहाच्या दारात मध्यंतराला उभं राहिलं की दिसतं. 'मध्यंतरासह सव्वादोन तास' हे तीन शब्द त्यांच्यासाठी मोठी सोय करतात. शुभारंभाच्या प्रयोगाला दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची भाषणं असणार असतील तर त्यांचा वेळ यात धरावा किंवा भाषणं प्रयोगानंतर ठेवावीत. साडेआठ लिहून सव्वानऊला पडदा उघडला की घड्याळ लावून आलेला माणूस दुसऱ्या अंकाच्या मध्यात उठतो, आणि त्यात दोष त्याचा नसतो.

तिकिटांबद्दल 'संपर्क करा' एवढंच लिहिलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की त्यावर थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे.

व्यावसायिक नाटकाच्या प्रेक्षकाला बुकिंगची रीत वर्षानुवर्षांच्या सवयीनं माहीत असते. ठरलेल्या दिवशी नाट्यगृहावर प्लॅन लागतो, सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळात खिडकी उघडते, आसनांचा नकाशा समोर ठेवून 'मधल्या बाजूच्या दोन द्या' असं सांगता येतं. ऑनलाइन काढणारा बुकमायशो उघडतो. 2023 पासून प्रशांत दामले यांनी सुरू केलेलं 'तिकिटालय' हे खास मराठी नाटकांचं ॲपही आहे. तिसरा रस्ता फोनचा : नाव सांगायचं, आसनं राखून ठेवली जातात आणि प्रयोगाआधी येऊन पैसे द्यायचे. हौशी संस्थेच्या प्रयोगाला यातलं काय आहे आणि काय नाही हे प्रेक्षकाला आपोआप कळत नाही. खिडकी असेल का? असली तर आठवडाभर की फक्त प्रयोगाच्या दिवशी? आसनं क्रमांकानुसार आहेत की पहिला येईल तो पुढे बसेल? छोट्या प्रायोगिक रंगमंचांवर बऱ्याचदा आसनक्रमांक नसतात, आणि ते आधी सांगितलं नाही तर वेळेवर आलेला माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पूर्ण नाटकभर नाराज राहतो.

म्हणून तिकिटाच्या ओळीत किंमत, मिळण्याची जागा आणि मिळायला लागण्याचा दिवस, ही तिन्ही एकत्र हवीत. किमती लपवू नयेत. 'तिकीट दर माफक' असं लिहिलं की वाचणारा मनात स्वतःचा आकडा धरतो आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतो. सगळे दर लिहावेत, 400, 300, 200 असे. मराठी नाटकांची बहुतेक तिकिटं 500 रुपयांपर्यंतच का थांबतात याचं एक कारण इथे सांगायला हरकत नाही. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यावर गेलं की कर लागतो. हौशी संस्थेला तिकडे जायची वेळ सहसा येत नाही, पण ऑनलाइन काढताना सेवाशुल्क वेगळं लागत असेल तर तेवढं प्रेक्षकाला कळायला हवं, म्हणजे 400 चे 430 का झाले असं तो विचारत नाही.

फोनवरून आसनं राखणार असाल तर ती किती वाजेपर्यंत राखली जातील हे लिहा. 'फोनवर राखलेली तिकिटं रात्री 8 पर्यंत घ्यावीत' ही एक ओळ प्रयोगाच्या दिवशी खिडकीवरची निम्मी भांडणं टाळते. आणि फोन कोणी घ्यायचा हे आधी ठरवा. तो क्रमांक नटाचा नसावा. नट दिवसभर नोकरीवर आणि संध्याकाळी तालमीत असतो, आलेले फोन रात्री साडेदहाला बघतो. चार वेळा वाजून न उचललेल्या फोनला पाचव्यांदा कोणी करत नाही. घरी असणारा, आवाज स्पष्ट असलेला, हातात वही आणि आसनांचा नकाशा असलेला एक माणूस या कामाला द्यावा, आणि त्याच्या वेळाही लिहाव्यात.

यातली प्रत्येक गोष्ट पोस्टरवरही असते, मग मजकुरात पुन्हा कशाला, असं विचारलं जातं. पोस्टर चित्र असतं. त्यावरचा फोन क्रमांक बोट ठेवून लावता येत नाही, दुवा उघडत नाही, तारीख शोधून सापडत नाही, आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना चित्र आणि मजकूर अनेकदा वेगळे होतात. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं ते फोनकडून मजकूर वाचून घेतात, आणि चित्रातली अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. नाटक ऐकायला येणारे असे प्रेक्षक आहेत, संस्थांनी त्यांना विसरू नये. इन्स्टाग्रामची अडचण उलटी आहे. तिथे चित्राखालच्या मजकुरात टाकलेला दुवा दाबून उघडत नाही, म्हणून तो संस्थेच्या परिचयात ठेवावा लागतो आणि मजकुरात तसं सांगावं लागतं. एकच मजकूर तिन्हीकडे जसाच्या तसा चिकटवला की कुठेतरी तिकिटाची वाट बंद होते.

इथवर सगळी व्यवस्था झाली. ती नीट केली की इच्छा असलेला माणूस अडत नाही. पण इच्छा कशानं होणार?

पहिल्या मजकुरात 'हृदयस्पर्शी', 'वास्तववादी', 'विचार करायला लावणारी' अशी विशेषणं होती. ती दुसऱ्या कुठल्याही नाटकाला लावून पाहा, तितकीच बसतात. त्यांच्यावरून वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. 'मराठी रंगभूमीला साथ द्या' हे तर प्रेक्षकावर ओझं टाकणं आहे. तो दिवसभर काम करून आलेला असतो, त्याला काहीतरी बघायचं असतं, आणि रंगभूमी वाचवायचं काम शनिवारी रात्री त्याच्या गळ्यात घालणं बरोबर नाही.

यायचं कारण नाटकातच असतं आणि ते सांगता येतं. मराठीत त्याचे किती सुंदर नमुने आहेत. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 साली आलं. फिरता रंगमंच आणि त्यावर प्रभाकर पणशीकर एकटे पाच वेगवेगळी सोंगं घेऊन उभे, एवढंच सांगितलं की माणूस तिकिटाच्या रांगेत. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करत तेव्हा एकटा नट बावन्न माणसं उभी करतो हे कानोकानी गेलं आणि लोक ते खरं आहे का हे पाहायलाच आले. 'ऑल द बेस्ट'मध्ये तीन मित्र आहेत, एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही, आणि तिघांचं प्रेम एकाच मुलीवर. हे वाक्य ऐकताना पुढची गंमत आपण आपल्याच मनात सुरू करतो. 'संगीत देवबाभळी'चं तर बघा : तुकारामांच्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तिची सेवा करायला प्रत्यक्ष रखुमाई तिच्या घरी येते, आवलीला मात्र ती कोण हे ठाऊक नाही. यात एकही विशेषण नाही, पण विठ्ठलावर रागावलेली एक बाई आणि विठ्ठलाची बायको एका स्वयंपाकघरात बसल्या तर काय बोलतील, हे ऐकल्यावाचून राहवणार नाही.

या चारही ठिकाणी सांगितलेली गोष्ट रंगमंचावर दिसणारी आहे. कोणीतरी काहीतरी करतं आहे आणि त्यात एक अडचण आहे जी आपण सोडवू शकत नाही. आपल्या नाटकात ती गोष्ट शोधायची रीत माझ्या मते एकच : लेखकाला विचारू नये, दिग्दर्शकालाही विचारू नये. ते दोघं नाटकाचा अर्थ सांगतात. 'हे नाटक शहर आणि स्मृती यांच्यातल्या ताणाविषयी आहे' असं दिग्दर्शक म्हणेल आणि ते खरंही असेल, पण त्यासाठी कोणी कल्याण पश्चिमेला उतरणार नाही. त्याऐवजी सलग तालमीला कोपऱ्यात बसावं आणि ज्यांनी संहिता वाचलेली नाही अशा दोन-तीन जणांना बरोबर बसवावं. चहा घेऊन आलेला मुलगा किटली हातात धरून कुठल्या प्रसंगाला थांबतो ते बघावं. तालीम संपल्यावर त्या पाहुण्यांना घरी जाऊ द्यावं आणि दुसऱ्या दिवशी विचारावं की काल काय पाहिलंत. 'अगं, ती आई सही करायला तयार आहे, पण म्हणते आधी तिघं इथं झोपा' असं ते सांगतील. तेच वाक्य. त्यांनी 'नात्यांची वीण' म्हटलेलं नसतं.

हे करताना एक मर्यादा पाळायची. कारण पहिल्या अंकाच्या सुरुवातीतून घ्यावं, फार तर पहिल्या वीस मिनिटांतून. त्या वेळात प्रेक्षकाला जे कळणारच आहे ते आधी सांगितल्यानं त्याचं काही जात नाही. मध्यंतराच्या पडद्यावर जे उघड होतं ते मजकुरात आलं तर लेखकाचे सहा महिने एका वाक्यात वाया जातात. आमच्या कल्पित नाटकात त्या खोलीच्या कागदपत्रांवर चौथं एक नाव आहे असं मध्यंतराला कळतं असं धरू. ते फार ओढ लावणारं आहे, आणि म्हणूनच ते लिहिण्याचा मोह होतो. लिहू नये.

आणखी एक खबरदारी : मजकुरात दिलेलं वचन प्रयोगात पुरं व्हायला हवं. नाटक मुळात गंभीर असून दोन विनोदी प्रवेश आहेत म्हणून 'धमाल विनोदी' लिहिलं तर हसायला आलेले लोक मध्यंतरात उठतील आणि बाहेर जाऊन वाईट बोलतील. त्या लोकांना नाटक आवडलं नाही असं आपण म्हणतो, खरं तर त्यांना दुसऱ्याच नाटकाला बोलावलं होतं. लहान मुलांना आणण्याजोगं नसेल तर तेही स्पष्ट लिहावं. तिकीट विकण्याच्या नादात ही ओळ गाळली जाते, आणि मग दुसऱ्या रांगेतलं तीन वर्षांचं मूल शांत प्रवेशात रडू लागलं की नटांचा, प्रेक्षकांचा आणि त्या आईबापांचाही प्रयोग जातो.

नामवंत नट असेल तर त्याचं नाव हेच कारण, ते पहिल्या ओळीत यावं आणि त्याबद्दल संकोच नको. तसं नसेल तर प्रसंग पहिल्या ओळीत. इन्स्टाग्रामवर पहिल्या एक-दोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. 'नमस्कार रसिकहो, आपणांस कळविण्यास आनंद होतो की' यातच त्या दोन ओळी संपतात. नाट्यगृह, वेळ, तिकीट ही माहिती त्यानंतर, प्रत्येक गोष्ट आपल्या ओळीवर. श्रेयनामावली शेवटी. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा करणाऱ्यांची नावं गाळू नयेत, त्यांचे मित्र आणि नातलग त्या नावासाठीच मजकूर पुढे पाठवतात, शिवाय तो त्यांचा हक्क आहे. पण ती यादी तारखेच्या आधी आली तर तारीख शोधावी लागते.

हे सगळं धरून 'पाणी पहाटे चारला'चा मजकूर असा होईल :

"आईची सही हवी आहे. आई सही करायला तयार आहे. अट एकच : आजची रात्र तिन्ही मुलांनी या खोलीत झोपायचं.

गिरगावातली दहा बाय बाराची खोली, पन्नाशीला आलेली तीन भावंडं, आणि सकाळी दहाला कागद घेऊन येणारा बिल्डरचा माणूस.

'पाणी पहाटे चारला' : नवं दोन अंकी नाटक

शुभारंभ : शनिवार, 17 जानेवारी 2026, रात्री 8.30
आचार्य अत्रे रंगमंदिर, कल्याण (पश्चिम)

दुसरा प्रयोग : रविवार, 25 जानेवारी 2026, दुपारी 12.30
यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, कोथरूड, पुणे

मध्यंतरासह सव्वादोन तास. दहा वर्षांवरील मुलांसाठी योग्य.

तिकीट : 400, 300, 200 रुपये. आसनं क्रमांकानुसार.
ऑनलाइन विक्री 8 जानेवारीपासून (दुवा).
नाट्यगृहाच्या खिडकीवर प्रयोगाच्या आधी तीन दिवस.
फोनवर (क्रमांक), सकाळी 10 ते रात्री 8. राखलेली तिकिटं प्रयोगाआधी अर्धा तास घ्यावीत."

खाली लेखक, दिग्दर्शक, कलाकार आणि तंत्रज्ञ. उद्गारचिन्ह एकही लागलं नाही. 'पाणी पहाटे चारला' म्हणजे काय ते मुद्दाम सांगितलेलं नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं, आणि न राहिलेल्याला रंगमंचावर पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

या मजकुराला एक मर्यादा आहे, ती मान्य करून चालावं. त्यानं पहिल्या प्रयोगाचं नाट्यगृह भरेलच असं नाही. नव्या नाटकाचा खरा प्रेक्षक पहिल्या प्रयोगाहून परतलेल्या माणसाच्या बोलण्यातून तयार होतो, आणि मजकुराचं काम एवढंच की ते बोलणारे पुरेसे लोक पहिल्या दिवशी खुर्च्यांत बसलेले असावेत, त्यातले काही अनोळखी असावेत. नातेवाइकांनी भरलेलं नाट्यगृह टाळ्या जोरात वाजवतं पण पुढे कोणाला सांगत नाही, कारण त्यांच्या ओळखीचे सगळे तिथेच असतात.

म्हणून पहिल्या प्रयोगानंतरचा मजकूर वेगळा लिहावा लागतो. रविवारी सकाळीच जुन्या मजकुरात जाऊन कल्याणच्या प्रयोगापुढे 'प्रयोग झाला' एवढं लिहावं, म्हणजे उशिरा वाचणारा फसत नाही. प्रयोग रद्द झाला किंवा वेळ बदलली तर नुसता नवा मजकूर टाकून भागत नाही. जुना मजकूरही दुरुस्त करावा, आणि ज्या गटांत तो पाठवला होता त्याच गटांत दुरुस्ती पाठवावी, कारण फिरत असतो तो जुनाच. मग पुण्याच्या प्रयोगासाठी आणखी एक चांगली गोष्ट हाताशी आलेली असते : कल्याणच्या प्रेक्षकांनी प्रयोगानंतर रंगपटाशी येऊन काय सांगितलं. 'आमच्या चाळीत पाणी साडेतीनला यायचं' असं एखादी आजी म्हणाली असेल तर तिची परवानगी विचारावी आणि नाव न घालता ते वाक्य पुण्याच्या मजकुराची पहिली ओळ करावी.